नव्वद टक्क्यांवर थांबलेले काम

शनिवारी संध्याकाळी दुकानाचे शटर अर्धे खाली आले की आप्पा गादीवर बसत आणि आठवड्याच्या कामांची विचारपूस करीत. त्या वर्षी जानेवारीपासून त्या विचारपुशीत एका प्रश्नाची भर पडली होती. "नव्या संगणकावरचं काम कुठवर आलं?" पुतण्या उत्तर देई, आणि ते नेहमी टक्क्यांत असे. पहिल्या शनिवारी पंचवीस टक्के, दुसऱ्या शनिवारी पन्नास, तिसऱ्या शनिवारी सत्तरच्या वर, चौथ्या शनिवारी नव्वद. आप्पांना समाधान वाटले. महिनाभरात एवढे काम करणारा मुलगा घरात आहे, याचे कौतुक त्यांनी चार लोकांत बोलूनही दाखवले.

पाचव्या शनिवारचे उत्तर होते, "नव्वद टक्के झालंय, थोडंच राहिलंय." सहाव्या शनिवारी नव्वद. सातव्या शनिवारीही नव्वद. मार्चचा मध्य आला, नव्वद टक्क्यांचा सलग सहावा शनिवार उजाडला, आणि उरलेल्या कामाला लागणारे "आठेक दिवस" मात्र पाचव्या शनिवारी होते तेवढेच राहिले होते.

ही पेढी नमुन्यादाखल रचलेली आहे. दक्षिण महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार, सोबत किरकोळ विक्रीचे काउंटर, तीन पिढ्यांचा धंदा आणि वीस वर्षांपूर्वी घेतलेली एक जुनी संगणक प्रणाली, असे तिचे स्वरूप धरावे. ती जुनी प्रणाली बंद करून 1 एप्रिलपासून नव्या प्रणालीवर हिशेब सुरू करायचा होता. पेढी रचलेली असली तरी तिच्यातील एकही अडचण रचलेली नाही. ज्या घरात हिशेबाची पद्धत एकदा तरी बदलली आहे, त्या घराला त्या सगळ्या ओळखीच्या वाटतील.

आप्पांनी त्या नव्वद टक्क्यांवर विसंबून तीन निर्णय घेऊन ठेवले होते, आणि प्रश्नाची धार खरी तिथे होती. जुन्या प्रणालीच्या देखभालीचा करार मार्चअखेर संपत होता. तो वाढवायचा नाही, असे त्यांनी कळवले होते. तीस वर्षे खतावणी सांभाळणारे दिवाणजी पाडव्याच्या सुमारास निवृत्त होऊन मुलाकडे राहायला जाणार होते. त्यांना आप्पांनी संमती दिली होती. शिवाय बँकेला दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत माल आणि येणी यांचे जे पत्रक द्यावे लागते, ते एप्रिलपासून नव्या प्रणालीतूनच येईल, असे शाखेत सांगून झाले होते. काम खरोखर नव्वद टक्के झाले असते, तर हे तिन्ही निर्णय शहाणपणाचे ठरले असते.

सहाव्या शनिवारी सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या. लग्नापूर्वी त्यांनी तीन वर्षे एका चार्टर्ड अकाउंटंटकडे उमेदवारी केली होती. त्यांनी टक्क्यांचा विषय काढलाच नाही. त्यांनी दिराला एवढेच विचारले, "भाऊजी, आपल्या किती गिऱ्हाइकांना आज बाकीचं पत्र पाठवलं, तर ते न भांडता सही करून परत देतील?"

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते बघावं लागेल, वहिनी."

त्या क्षणी नव्वद टक्के संपले आणि खरा हिशेब सुरू झाला. रविवारी सकाळी दोघांनी कागद घेऊन कामाचे तुकडे पाडले. पहिला तुकडा मालाची यादी भरण्याचा. बाराशे जिन्नस, त्यांची नावे, आकार, दर. त्याला बारा दिवस लागले होते आणि तो पूर्ण होता. दुसरा तुकडा 412 खातेदारांची नावे, पत्ते आणि जीएसटी क्रमांक भरण्याचा. सहा दिवस, पूर्ण. तिसरा तुकडा प्रत्येक खात्याची एकूण बाकी टाकण्याचा. चार दिवस, पूर्ण. एकंदर बावीस दिवसांचे काम नीट पार पडले होते, आणि त्यात खोटे काहीच नव्हते.

मग नव्वद हा आकडा आला कुठून? जानेवारीत पुतण्याने मनाशी अंदाज बांधला होता तो असा: बारा, सहा आणि चार दिवस भरणीचे, आणि "जुळवाजुळव" म्हणून वरचे तीन. एकूण पंचवीस दिवस. पंचवीसपैकी बावीस म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के. बोलण्यात त्याचे नव्वद झाले. त्याचा भागाकार बरोबर होता, चुकला होता तो छेद. कामाचा जो भाग डोळ्यांना दिसत होता, त्यालाच त्याने संपूर्ण काम मानले होते, आणि उरलेल्या सगळ्याला एक नाव देऊन तीन दिवसांत बसवले होते.

त्या तीन दिवसांच्या पोटात काय काय होते, ते कागदावर उतरले तेव्हा पुतण्याही चकित झाला. चौथा तुकडा बिलवार येण्यांचा होता. एखाद्याकडून दोन लाख येणे आहेत एवढे लिहून भागत नाही. ते कोणत्या तारखेच्या कोणत्या बिलांचे, हे नव्या प्रणालीला सांगावे लागते. 412 खात्यांपैकी 150 खात्यांवर बाकीच नव्हती. उरलेल्या 262 पैकी 171 खात्यांवर एकदोनच बिले होती. ती पुतण्याने लग्नसराईच्या गर्दीतून तासदोन तास काढून जुळवली होती, आणि पाच आठवडे त्यातच गेले होते. सगळे तास एकत्र केले तर ते सहा दिवसांचे काम भरत होते. राहिलेल्या 91 खात्यांत मात्र वर्षानुवर्षे रकमा "खात्यावर जमा" अशा मोघम नोंदीने आल्या होत्या. गिऱ्हाईक आले, पन्नास हजार देऊन गेले. ते कोणत्या बिलापोटी, हे कुठेही लिहिलेले नव्हते. दिवाणजींना तोंडपाठ होते आणि जुन्या प्रणालीने कधी विचारले नव्हते. या खात्यांना आणखी दहा दिवस धरावे लागले.

पाचवा तुकडा मालाच्या मोजणीचा. भांड्यांच्या धंद्याची एक खोड अशी की कारखान्यातून माल किलोवर येतो, आणि विकताना पातेली-पराती किलोवर तर ताटे-वाट्या-पेले नगावर किंवा डझनावर जातात. जुन्या प्रणालीत सगळा साठा किलोत होता. नव्या प्रणालीत नगावर विकल्या जाणाऱ्या जिनसांना नगांत शिल्लक द्यावी लागत होती, आणि एकाच मापाचे ताट पत्र्याच्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या वजनाचे भरते. वजनाला सरासरीने भागून नग काढले, तर शिल्लक कागदावर सुबक दिसेल, पण गोदामातल्या मालाशी जुळणार नाही. म्हणून दोन दिवस व्यवहार बंद ठेवून मोजणी आणि नंतर सहा दिवस जुळवणी, असे आठ दिवस. त्यातील एकही दिवस अद्याप सुरू झाला नव्हता. सहावा तुकडा सर्वांत मोठा: एक महिना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रणालींत व्यवहार नोंदवून महिनाअखेर दोन्ही तेरजा ताडून पाहणे. कामाचे सव्वीस दिवस.

बेरीज झाली ती अशी: पूर्ण झालेल्या तुकड्यांचे बावीस दिवस, चौथ्या तुकड्याचे झालेले सहा आणि उरलेले दहा, मोजणीचे आठ, दुहेरी नोंदीचे सव्वीस. एकूण बहात्तर. जे तुकडे खरोखर हातावेगळे झाले तेवढेच धरले, तर बहात्तरपैकी बावीस, म्हणजे शेकडा तीस. अर्धवट तुकड्यावरचे सहा दिवस उदारपणे मिळवले तरी आकडा चाळीशीच्या आतच राहतो. काम तेच, करणारा तोच, शनिवारही तोच. छेद पंचवीसचा बहात्तर झाला आणि नव्वदचे तीस झाले.

एखादे काम आठवड्यामागून आठवडे नव्वद टक्क्यांवर उभे राहते, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. करणारा आळशी झालेला नसतो. त्याच्या वाट्याला येणारे काम रोज नवे निघत असते. एक खाते उघडले की त्यात परत आलेल्या मालाची न टाकलेली नोंद सापडते. ती शोधताना दुसऱ्या खात्यातील चूक दिसते. आठवडाभर राबून दोन दिवसांचे काम उरकते आणि तेवढेच नवे पुढ्यात येते. पण आकडा खाली आणणे म्हणजे मागच्या शनिवारी चुकीचे सांगितले, अशी कबुली देणे. म्हणून तो खाली येत नाही. वर नेण्याएवढे धाडसही होत नाही. मग तो आहे तिथेच राहतो. स्थिर आकडा दिसायला निरुपद्रवी असतो, पण दोन विरुद्ध ओढींमध्ये अडकून तो स्थिर झालेला असतो.

हा अनुभव फक्त व्यापारी पेढ्यांचा नाही. 1960 च्या दशकात आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांसाठी ओएस/360 नावाची कार्यप्रणाली तयार झाली. त्या कामाची सूत्रे सांभाळणारे फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात आपले निरीक्षण नोंदवले आहे. त्याचा आशय असा की, आज्ञावली लिहिण्याचा जो एकूण काळ असतो, त्यातील निम्मा काळ ते काम "नव्वद टक्के झाले" अशाच अवस्थेत असते. त्यांच्या नियोजनात प्रत्यक्ष लिहिण्याला एकूण वेळेचा केवळ सहावा हिस्सा होता. विचार आणि आराखडा यांना एक तृतीयांश, आणि तपासण्या व जुळवणी यांना तब्बल निम्मा. पुढे बेल प्रयोगशाळेतील टॉम कारगिल यांच्या नावावर एक विनोदी नियम रूढ झाला: कामाच्या पहिल्या नव्वद टक्क्यांना ठरलेल्या वेळेचे नव्वद टक्के लागतात, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. बेरीज शंभरावर जाते, हीच त्यातील गंमत आणि हेच त्यातील सत्य.

भांड्यांच्या पेढीतही ब्रूक्स यांचेच प्रमाण दिसते. भरणी ही "लिहिण्याची" बाजू. ती सोपी, एकसारखी आणि मोजता येण्याजोगी. रोज शंभर जिनसा भरल्या की बारा दिवसांत बाराशे होतात. जुळवणी ही तपासण्यांची बाजू. तिथे एक खाते दहा मिनिटांत सुटते आणि दुसरे दोन दिवस खाते. माणूस स्वभावतः सोपे आधी करतो. त्यामुळे पहिल्या महिन्याचा वेग पाहून उरलेल्या कामाचा अंदाज बांधला, तर तो चुकणारच. शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या नऊ हिश्शांसारखा नसतो; त्याची जातच निराळी असते.

रविवारच्या त्या बैठकीत आणखी एक गोष्ट उघडकीला आली, आणि ती सर्वांत महत्त्वाची होती. जुळवायच्या 91 खात्यांपैकी 74 खात्यांत अडचण अशी नव्हती; जुन्या बिलापासून क्रमाने रकमा वळत्या करीत गेले की ती सुटत होती. पण 17 खाती पुतण्याच्या हाताबाहेरची होती. कुणाला आप्पांनी फोनवर दरात सूट कबूल केली होती. कुणाचा माल डागी निघाला म्हणून परत घेतला होता, पण जमापत्र दिले नव्हते. कुणा जुन्या स्नेह्याचे चाळीस हजार "पुढे बघू" म्हणून चार वर्षे तसेच पडले होते. या सतरा खात्यांचा निकाल आप्पांनीच द्यायचा होता.

म्हणजे दर शनिवारी "काम कुठवर आलं?" असे जे विचारत होते, काम त्यांच्याचपाशी अडले होते. आणि "आप्पा, तुमच्यामुळे थांबलंय" असे सांगण्याची पुतण्याची प्राज्ञा नव्हती. त्याने एकदा आडून विषय काढला होता, आप्पा म्हणाले होते, "तू बाकीचं संपव, ते मी बघतो." ते बघणे राहून गेले. त्यानंतर नव्वद टक्के हे उत्तर त्याच्या कामी आले. त्यात कुणावर ठपका नव्हता, कुणाचा अवमान नव्हता, आणि त्यावर पुढचा प्रश्नही येत नव्हता.

टक्केवारीचा खरा दोष इथे आहे. ती किती झाले एवढेच सांगते. काय राहिले, ते कुणाकडे आहे आणि केव्हापासून आहे, यांतले काहीही सांगत नाही. ज्या अहवालात अडथळ्याला जागा नाही, त्या अहवालात अडथळा लपवण्यासाठी कुणाला खोटे बोलावे लागत नाही. तो आपोआप लपतो.

दडलेल्या या गोष्टीची किंमत काय पडली असती, हे सूनबाईंनी आप्पांना बँकेच्या पत्रकावरून दाखवले. पेढीची रोकड-पत मर्यादा माल आणि येण्यांवर होती. नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी बँक हिशेबात धरत नव्हती आणि उरलेल्या येण्यांवर चाळीस टक्के मार्जिन ठेवत होती. (हे प्रमाण बँकेगणिक आणि मंजुरीपत्रागणिक बदलते.) पेढीची निव्वळ येणी 80 लाख. मोघम जमा असलेले 20 लाख जुन्या बिलांना वळते केले, तर नव्वद दिवसांपलीकडची येणी फक्त 9 लाख राहतात आणि 71 लाख बँकेला ग्राह्य धरता येतात. ते वळते न करता नव्या प्रणालीतून पत्रक काढले, तर चित्र पालटते: बिले दिसणार 100 लाखांची, त्यांत जुनी 29 लाखांची, आणि 20 लाख नुसतेच खात्यावर जमा. सावध अधिकारी शंभरातून दोन्ही रकमा वजा करील. ग्राह्य येणी 51 लाख. वीस लाखांचा फरक, आणि साठ टक्क्यांनी त्यावरची उचल 12 लाखांनी कमी. पैसे प्रत्यक्षात आलेले, गिऱ्हाईक चोख, तरीही ऐन एप्रिलमध्ये कारखानदारांच्या देण्याच्या वेळी हात आखडता झाला असता.

आप्पांनी कागद दोनदा वाचला. मग पुतण्याला म्हणाले, "अरे, हे मला आधी का सांगितलं नाहीस?" आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "मी विचारलंच नव्हतं म्हणा."

त्या दिवशी तिन्ही निर्णय बदलले. जुन्या प्रणालीचा करार तीन महिन्यांनी वाढवला. दिवाणजींना एप्रिलअखेरपर्यंत थांबण्याची विनंती केली. ते आनंदाने थांबले. मार्चचे पत्रक जुन्याच प्रणालीतून जाईल, असे शाखेला आगाऊ कळवले. आप्पा सलग दोन दुपारी दिवाणजी आणि पुतण्यासोबत बसले आणि सतरापैकी चौदा खात्यांचा निकाल लागला. तिघांकडे मात्र त्यांना स्वतः जावे लागणार होते.

शनिवारची विचारपूसही बदलली. टक्के बंद झाले. पुतण्या तीन गोष्टी सांगू लागला: मागच्या शनिवारपासून कोणती खाती पूर्ण झाली, कोणती राहिली आणि कोणती कुणाच्या उत्तरासाठी थांबली आहेत. "पूर्ण" या शब्दाचा अर्थही ठरला होता. बाकीचे पत्र गेले, समोरून मान्य होऊन आले, तरच खाते पूर्ण. मधली अवस्था नाही. पहिल्या शनिवारी 91 पैकी 34 पूर्ण. दुसऱ्या शनिवारी 66. तिसऱ्या शनिवारी पुतण्याने सांगितले, 63.

आप्पांच्या कपाळाला आठी पडली. आकडा मागे कसा गेला? तीन गिऱ्हाइकांनी पत्र मान्य करून पाठवले होते, पण नंतर आपल्या वहीतील वेगळ्या रकमा कळवल्या. म्हणून ती खाती पुन्हा उघडली. सूनबाई म्हणाल्या, "आप्पा, हा आकडा मागे जाऊ शकतो, म्हणूनच तो खरा आहे." चौथ्या शनिवारी 88 झाले, आणि राहिलेली तीन कोणती, हे सांगावे लागले नाही, आप्पा त्याच आठवड्यात त्या तिघांकडे जाऊन आले.

मालाच्या मोजणीत 46 किलोंचा फरक निघाला. जुनी भांडी देऊन नवी घेणाऱ्यांकडून येणारी मोड कित्येक महिने नव्या पराती-पातेल्यांच्याच नावाखाली तोलून जमा होत होती. मोड गोदामातून विकली गेली तेव्हा वजन कमी झाले. नोंद मात्र तशीच राहिली. मोडीसाठी स्वतंत्र जिन्नस उघडला आणि फरक सुटला. एप्रिलअखेर दोन्ही तेरजा ताडल्या, तेव्हा एका बँक-आकाराच्या दुबार नोंदीखेरीज त्या जुळल्या. काम संपले ते त्या दिवशी.

हीच पद्धत इमारतीसाठी कर्ज देणाऱ्या बँका फार पूर्वीपासून वापरतात. गोदामाचे बांधकाम "साठ टक्के झाले" असे मालकाने सांगितल्यावर हप्ता मिळत नाही. जोते पूर्ण, पहिला स्लॅब पूर्ण, वीटकाम पूर्ण, असे टप्पे मंजुरीतच ठरलेले असतात. अभियंता जागेवर जाऊन पाहतो आणि प्रमाणपत्र देतो, तेव्हाच पुढची रक्कम सुटते. स्लॅब पडलेला असतो किंवा नसतो. तो नव्वद टक्के पडलेला नसतो. मालकाच्या शब्दावर अविश्वास म्हणून ही रीत नाही. ज्याचे उत्तर हो किंवा नाही असेच येते, असा प्रश्न विचारला की दोघांचीही फसगत टळते.

या रीतीला मर्यादा आहेत. तुकडे लहान असतील तरच ती उपयोगी पडते. सव्वीस दिवसांचा एकच तुकडा ठेवला, तर पंचविसाव्या दिवशीही उत्तर "काही नाही" असेच येणार. म्हणून दर तुकडा साधारण आठवड्याच्या आत बसेल असा पाडावा लागतो. पेढीने दुहेरी नोंदीच्या महिन्याचेही चार आठवडे करून दर शनिवारी त्या आठवड्याची विक्री आणि रोकड ताडली होती. उलटपक्षी काही कामांत टक्केवारी अगदी प्रामाणिक असते. हजार पोत्यांपैकी नऊशे उतरली, तर काम नव्वद टक्केच झाले, कारण शेवटची शंभर पोती पहिल्या शंभरांसारखीच आहेत. जिथे प्रत्येक नग सारखा, तिथे टक्के चालतात. जिथे जुळवणी, तपासणी, परवानगी किंवा दुसऱ्याचा निर्णय शेवटी येतो, तिथे ते फसवतात.

थांबलेला प्रत्येक आकडा दोषाचाच असतो असेही नाही. वीज जोडणीचा अर्ज कचेरीत पडून असेल, तर घरातल्या माणसाने अधिक काय करावे? पण मग अहवालात "नव्वद टक्के" येऊ नये. "अमुक तारखेपासून जोडणीच्या मंजुरीसाठी थांबलो आहोत" असे यावे. पहिले ऐकून मालक निश्चिंत होतो, दुसरे ऐकून तो कचेरीत जाऊन येतो.

ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. एकच गोल आकडा सलग तिसऱ्यांदा ऐकू आला. उरलेले दिवस दर आठवड्याला तेवढेच राहिले. "फक्त अमुक राहिलंय" यातील अमुक दर वेळी निराळे निघाले. यांपैकी एकही खूण दिसली, तर आवाज चढवण्याचे कारण नाही आणि कौतुक करण्याचेही नाही. जवळ बसावे, कोरा कागद घ्यावा आणि राहिलेल्या गोष्टी नावानिशी लिहवून घ्याव्यात. प्रत्येक नावापुढे, ती कुणाकडे थांबली आहे, ते लिहावे.

त्या पेढीत तो कागद अजून गल्ल्याच्या खणात आहे. सतरा नावांपुढे एकाच माणसाचे नाव सतरा वेळा लिहिलेले आहे, आणि ते अक्षर आप्पांचे स्वतःचे आहे.